चिवड्याच्या पाकिटावर ‘एकूण चरबी’ लिहायचं का? पोषणतक्ता मराठीत करताना अडलंय

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. कराडजवळच्या आमच्या गावात आईचा बचत गट आहे. नऊजणी मिळून पोह्यांचा चिवडा करतात. इतके दिवस साध्या पिशवीवर स्टिकर लावत होतो, आता छापील पाकीट करायचं ठरलंय, २०० ग्रॅमचं. परवाना झालाय, प्रयोगशाळेतून तपासणीचा अहवालही आलाय. इंग्रजी तक्ता तयार आहे. पण आमचा माल जातो आठवडी बाजारात आणि एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांवर. घेणारी माणसं मराठी वाचतात, म्हणून मागची बाजू दोन्ही भाषांत हवी असा आईचा आग्रह आहे आणि मलाही तो पटतो.

छपाईवाल्यांनी मराठी मजकूर स्वतःच करून पाठवला. तो जसाच्या तसा देते:

घटक: पोहे, सुकामेवा, खाद्यतेल, डाळ, नारळ, साखर, मीठ, मसाले, हिंग.
पोषणविषयक माहिती, प्रति १०० ग्रॅम: ऊर्जा ५१० कॅलरी, प्रथिने ८.५ ग्रॅम, कार्बोहायड्रेट ४७ ग्रॅम, एकूण साखर ६.८ ग्रॅम, अतिरिक्त साखर ५ ग्रॅम, एकूण चरबी ३२ ग्रॅम, संतृप्त चरबी ७.५ ग्रॅम, ट्रान्स चरबी ० ग्रॅम, कोलेस्टेरॉल ० मिग्रॅ, मीठ ६०० मिग्रॅ.
सूचना: सुकामेवा आहे.

वाचताना काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. एकदा सिलिंडर कोरले की एक अक्षर बदलायलाही नवा सिलिंडर लागतो, असं ते म्हणाले. त्यामुळे आधीच विचारते. सोमवारी होकार कळवायचा आहे.

मुद्रितशोधक

ताई, सगळ्यात आधी ती ‘चरबी’ काढा. आपल्याकडे चरबी म्हणजे जनावराची. पुढच्या बाजूला शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि मागे ‘एकूण चरबी ३२ ग्रॅम’. बाजारातली आजीबाई पाकीट खाली ठेवेल आणि पुन्हा हात लावणार नाही. हिंदीत वसा म्हणतात, त्याचं कोणीतरी शब्दकोश उघडून चरबी केलेलं दिसतंय. ‘मेद’ लिहा किंवा ‘स्निग्ध पदार्थ’. मी ‘मेद’ घेईन, कारण खालच्या दोन ओळी त्याच शब्दावर नीट बसतात: संपृक्त मेद, ट्रान्स मेद. ‘संतृप्त’ हिंदीतून आलंय. आपल्या शाळेच्या पुस्तकात ‘संपृक्त’ आहे.

दुसरं, ‘नारळ’ नव्हे. चिवड्यात ओला नारळ कोण घालतं? सुकं खोबरं ना? मग ‘सुके खोबरे’ असंच हवं.

पेणचा_खाऊवाला

माझा पोह्याच्या पापडांचा धंदा आहे म्हणून सांगतो. इतकं डोकं खपवू नका. महाराष्ट्रात मराठी सक्तीची आहे, २०२२ पासून. आणि कायद्यात देवनागरी चालते असं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा इंग्रजी काढूनच टाका, जागा वाचेल आणि दोन्हीकडचे शब्द जुळवत बसायची कटकटही जाईल. फक्त देवनागरीत छापा आणि मोकळ्या व्हा.

लेबलकाम

पेणचे दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यापायी ताईंचा सगळा माल अडकेल.

२०२२ चा बदल दुकानांच्या पाट्यांसाठी होता. पाकिटाला तो लागू नाही. पाकिटाला लागतात अन्नसुरक्षेचे २०२० चे लेबलिंग नियम, आणि त्यात शब्द आहेत ‘इंग्रजी किंवा देवनागरीतील हिंदी’. म्हणजे नुसती लिपी देवनागरी असून भागत नाही, भाषा हिंदी असावी लागते. वजन-किमतीच्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांतही तेच आहे. मराठी या दोहोंपैकी एकीच्या जोडीला येऊ शकते, तिला कुठेही मनाई नाही. अट एकच, जोडीच्या भाषेतला मजकूर इंग्रजी किंवा हिंदी मजकुराच्या विरोधात जाता कामा नये. म्हणून इंग्रजी ठेवाच.

आता ताईंचा प्रश्न. मी खाद्यपदार्थांची लेबलं तपासण्याचंच काम करतो. भाषा चुकली तर बहुधा वाचायला विचित्र वाटतं, एवढंच. तुमच्या मसुद्यात मात्र तीन ठिकाणी अर्थच बदललाय.

पहिली जागा ‘मीठ ६०० मिग्रॅ’. अहवालात सोडियम आहे, बघा. सोडियम म्हणजे मीठ नव्हे, मिठाचा एक भाग. मिठाच्या वजनात सोडियम साधारण ३९ टक्के असतं. ६०० मिग्रॅ सोडियम म्हणजे जवळजवळ दीड ग्रॅम मीठ. तुमचं मराठी वाचणाऱ्या, रक्तदाब असलेल्या माणसाला वाटेल की चिवड्यात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास मीठ आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला बरोबर माहिती मिळेल आणि मराठी वाचणाऱ्याला चुकीची. नियमातली ‘विरोधात’ ही अट लागते ती अशाच वेळी. ‘सोडियम’ हाच शब्द ठेवा, तो लोकांना आता माहीत आहे.

दुसरी जागा ‘अतिरिक्त साखर’. मराठीत अतिरिक्त म्हणजे गरजेपेक्षा जास्त. तुम्हाला म्हणायचंय ‘पदार्थात बाहेरून घातलेली’. ‘अतिरिक्त साखर ५ ग्रॅम’ हे स्वतःच्याच मालाविरुद्ध दिलेल्या कबुलीसारखं वाचलं जातं. ‘घातलेली साखर’ लिहा. त्याच्या वरच्या ओळीत मात्र ‘एकूण शर्करा’ हवं, कारण त्यात शेंगदाण्यातली, खोबऱ्यातली नैसर्गिक गोडीही मोजली जाते. त्याला कोणी साखर म्हणत नाही.

तिसरी जागा ‘सुकामेवा’. तुमच्या इंग्रजी यादीत शेंगदाणे आहेत ना? शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या पोराच्या आईने ‘सुकामेवा’ वाचलं तर ती काजू-बदाम समजेल. शेंगदाण्याला ‘शेंगदाणे’च म्हणा, घटकांतही आणि सूचनेतही.

आणि ‘५१० कॅलरी’ नको. बोलताना आपण तसंच म्हणतो, पण कागदावर हजारपटीचा फरक पडतो. ‘कि.कॅ.’ लिहा.

आता मला कृतीचं प्रमाण द्या. घटकांचा क्रम वजनाप्रमाणे लावायचा असतो, आणि मला तेलाबद्दल शंका आहे.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत असतो. भावाची सोलापुरात भाजणीची चकली आहे, ती इकडे आणायची म्हणतोय. याच पद्धतीने मराठी-इंग्रजी पाकीट केलं तर इकडे चालेल ना? मराठी असली की इथल्या आपल्या लोकांना बरं वाटतं. तक्ता तुमच्यासारखाच करतो.

लेबलकाम

दूरदेशी, तुमचा प्रश्न वेगळा आहे, तरी थोडक्यात सांगतो. भारतातला तक्ता तिकडे चालणार नाही. दिवसाच्या गरजेची जी टक्केवारी छापतात तिचा पायाच वेगळा आहे. आपल्याकडे दिवसाला सोडियम २००० मिग्रॅ आणि मेद ६७ ग्रॅम धरतात, अमेरिकेत २३०० मिग्रॅ आणि ७८ ग्रॅम. शिवाय चकलीत तीळ असणार. तीळ आपल्या ॲलर्जीच्या यादीत नाही, तिकडे १ जानेवारी २०२३ पासून आहे. आणि मराठीच्या हौसेबद्दल एक लक्षात ठेवा. तिकडच्या नियमाप्रमाणे लेबलवर परक्या भाषेत माहिती दिली, तर जे जे बंधनकारक आहे ते सगळं त्या भाषेतही द्यावं लागतं. इथे आपण मराठीत हवं तेवढंच घेऊ शकतो, तिथे अर्धवट घेता येत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येईन तिथे.

कोयनाकाठ

किती चुका निघाल्या! सोडियमचं वाचून अंगावर काटा आला, कारण माझ्या वडिलांनाच रक्तदाब आहे.

आईला विचारून प्रमाण लिहिते. एका घाण्यात तयार चिवडा साधारण १० किलो निघतो. पोहे साडेचार किलो, शेंगदाणे १ किलो ४०० ग्रॅम, डाळं ८०० ग्रॅम, खोबऱ्याचे काप ५०० ग्रॅम, पिठीसाखर ५०० ग्रॅम, मीठ १५० ग्रॅम. मग हळद, जिरं, मोहरी, तिखट, कढीपत्ता, आणि हिंग २० ग्रॅम. कढईत तेल घेतात १० लिटर, शेंगदाण्याचं. म्हणजे तेल सगळ्यात जास्त, मग ते पहिलं लिहायचं का? छपाईवाल्यांनी तिसरं लिहिलंय.

लेबलकाम

इथेच बहुतेकजण चुकतात. कढईत घेतलेलं तेल मोजायचं नाही, चिवड्यात गेलेलं मोजायचं. पुढच्या घाण्याला एक करा. तळणी सुरू करायच्या आधी तेलासकट भांडं काट्यावर ठेवा, संपल्यावर पुन्हा ठेवा, मधे काही भर घातली तर तीही लिहा. गाळणीत आणि कागदावर राहिलेलं वजा करा. लिटर नको, किलोच घ्या, कारण लिटरभर तेल किलोभर भरत नाही, ९०० ग्रॅमच्या थोडंसं वरच राहतं.

कोयनाकाठ

आज घाणा होताच, केलं लगेच. भांड्याचं वजन सोडून आधी ९ किलो १०० ग्रॅम, नंतर ६ किलो ७५० ग्रॅम. निथळलेलं आणि कागदावरचं मिळून १५० ग्रॅम धरलं. म्हणजे २ किलो २०० ग्रॅम चिवड्यात गेलं. आई काट्याकडे बघतच राहिली. म्हणाली, आम्ही एवढं तेल खातो?

लेबलकाम

उत्तम केलंत. म्हणजे क्रम असा: पोहे, शेंगदाणा तेल, शेंगदाणे, डाळं, सुकं खोबरं, साखर, मीठ, मसाले. छपाईवाल्यांनी शेंगदाणे तेलाच्या आधी घेतले होते, म्हणजे मूळ इंग्रजी यादीतही तीच चूक आहे. ती आधी दुरुस्त करा. मराठी चांगली आणि इंग्रजी चुकीची, असं होऊ देऊ नका.

अहवाल याच्याशी जुळतो का तेही घरबसल्या बघता येतं. १० किलोत १५० ग्रॅम मीठ म्हणजे १०० ग्रॅमला दीड ग्रॅम. त्याचं ३९ टक्के केलं की ५९० मिग्रॅच्या आसपास सोडियम येतं, अहवालात ६०० आहे. पिठीसाखर ५०० ग्रॅम म्हणजे १०० ग्रॅमला ५, अहवालातही ५. ऊर्जा बघा: प्रथिनं आणि कर्बोदकं यांच्या ग्रॅमला ४, मेदाच्या ग्रॅमला ९. म्हणजे ३४, १८८ आणि २८८, बेरीज ५१०. तिन्ही जुळले, तेव्हा अहवाल याच चिवड्याचा आहे यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. मी एकदा चिवड्याच्या पाकिटावर शेवेचा तक्ता छापलेला पाहिलाय, म्हणून ही सवय लागली.

‘खाद्यतेल’ एवढंच लिहू नका, तेलाचं नाव लिहायचं असतं. आणि मग दिवाळीत घाईने पामोलिन आणायचं नाही. आणलं तर दोन्ही भाषांतलं लेबल त्या दिवसापासून खोटं होतं आणि संपृक्त मेदाचा आकडाही बदलतो.

पाकिटाच्या पुढच्या बाजूला चित्र काय आहे?

कोयनाकाठ

वाटीत चिवडा, बाजूला मूठभर शेंगदाणे, आणि ‘भरपूर शेंगदाणे’ असं पिवळ्या पट्ट्यात.

लेबलकाम

मग घटकांत ‘शेंगदाणे १४%’ असं लिहावं लागेल. एखादा घटक शब्दाने किंवा चित्राने ठळक केलात की त्याचं प्रमाण टक्क्यात द्यायचं असतं. पट्टा ठेवायचा की काढायचा ते तुम्ही ठरवा. १४ टक्के काही कमी नाहीत, मी असतो तर ठेवला असता.

सावली_नाशिक

मी हे सगळं वाचत होते, आता राहवत नाही म्हणून लिहिते. माझ्या मुलीला सिलिअॅक आहे, गव्हाचा कणही चालत नाही. पोह्यांचा चिवडा म्हणजे आमच्यासाठी निर्धास्त खाऊ, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. तरी मधूनच तिचं पोट बिघडायचं. एकदा डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या डब्या घेऊन यायला सांगितलं, आणि सापडलं ते हिंगाच्या डबीवर. बाजारात मिळतो तो हिंग बहुतेक बांधानी असतो. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि पीठ घालतात. पीठ कित्येकदा गव्हाचं, म्हणजे मैदाच.

ताई, तुमच्या घाण्यात २० ग्रॅम हिंग आहे. डबीवरचे घटक एकदा वाचाल का? माझ्यासारख्या आईला त्या एका ओळीने फार फरक पडतो. पुढे ‘पोहे’ दिसले की आम्ही मागे बघतच नाही.

पेणचा_खाऊवाला

१० किलोत २० ग्रॅम हिंग, त्यात निम्मा मैदा. हे लिहायचं असतं का? ५ टक्क्यांच्या आतलं लिहावं लागत नाही असं मला परवान्याच्या वेळी सांगितलं होतं.

लेबलकाम

दादा, ५ टक्क्यांचा नियम खरा आहे. एखादा घटक स्वतःच अनेक घटकांचा बनलेला असेल आणि तो पदार्थात ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर त्याचे पोटघटक उलगडून सांगावे लागत नाहीत. म्हणून यादीत ‘हिंग’ एवढंच लिहिलं तरी चालतं. पण ॲलर्जीच्या सूचनेला ही सूट नाही. ग्लुटेन असलेली धान्यं त्या यादीत पहिलीच आहेत. हिंगात गहू असेल तर सूचनेत ‘गहू आहे’ हे यायलाच हवं, तो कितीही थोडा असो.

सावलीताईंनी सांगितलेलं माझ्याही नजरेतून सुटलं होतं. त्यांचे आभार.

कोयनाकाठ

डबी बघितली. ‘गव्हाचे पीठ, डिंक, हिंग’ असंच आहे. माझ्या आईला पन्नास वर्षं हिंग घालून हे माहीत नव्हतं. गटात बोलणं झालं, तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो का ते बघतोय. तो मिळेपर्यंत ‘गहू आहे’ लिहिणार. सावलीताई, तुमच्या मुलीला सध्या आमचा चिवडा देऊ नका.

सावली_नाशिक

नाही देणार. हिंग बदललात तरी एक बघा. त्याच कढईत किंवा त्याच परातीत तुम्ही शंकरपाळी करता का?

कोयनाकाठ

दिवाळीत करतो. परात तीच.

लेबलकाम

मग हिंग बदलल्यावरही ‘गव्हाचा अंश असू शकतो’ ही ओळ राहील. ‘आहे’ आणि ‘असू शकतो’ यांत मराठीत घोळ होऊ देऊ नका. घातलेलं असेल तर ‘आहे’, चुकून लागण्याची शक्यता असेल तर ‘असू शकतो’. कित्येकजण सगळं ‘असू शकतो’मध्ये ढकलतात. शेंगदाणे मुठीने घातलेत आणि वर ‘शेंगदाण्याचा अंश असू शकतो’ लिहिलंय, असं मी पाहिलंय.

अक्षरजुळणी

शब्द ठरले, आता अक्षरांचं बोलतो. मी पाकिटांची मांडणी करतो आणि मराठी तिथेच मरते.

ताई, छपाईवाल्यांकडून आलेल्या फाईलमध्ये ‘प्रथिने’ कसं दिसतंय ते बघा. थ ची पहिली वेलांटी थ च्या आधी आहे का, की नंतर पडलीय? प आणि र जोडलेत का, की ‘प्’ पाय मोडून वेगळा उभा आहे? इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केली नसेल तर युनिकोड मजकूर चिकटवला की जोडाक्षरं फुटतात. Preferences मधल्या Type मध्ये `Show Indic Options` असतं, ते चालू करून परिच्छेदाला `Middle Eastern & South Asian Every-line Composer` लावायचा. मग अक्षरं जागेवर येतात. ज्याला मराठी येत नाही त्याला फुटलेलं अक्षर दिसतच नाही, म्हणून तपासणी तुमच्याच डोळ्यांनी करा. प्रथिने, ऊर्जा, संपृक्त, कर्बोदके, एवढे चार शब्द बघितले तरी कळतं.

दुसरं, मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडायला सांगा. हिंदीवर राहिली तर काही फॉण्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. चुकीचे नाहीत, पण आपल्या माणसाला परके वाटतात.

तिसरं, आकार. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार. इंग्रजी ज्या मापात सुटसुटीत दिसते त्याच मापात ‘संपृक्त’मधला क्त शाईने भरून काळा ठिपका होतो. चंदेरी लॅमिनेटवर पांढरी अक्षरं असतील तर आणखी वाईट, कारण आजूबाजूची शाई आत पसरून अक्षर बारीक करते. इंग्रजीपेक्षा मराठी दीड-दोन पॉइंट मोठी घ्या, जाड वळण टाळा, आणि गडद अक्षरं फिक्या पट्ट्यावर ठेवा. खऱ्या मापात कागदावर काढून ट्यूबलाइटखाली आईंना चष्म्याशिवाय वाचायला द्या. त्या अडल्या तर गिऱ्हाईकही अडेल.

मुद्रितशोधक

दोन गोष्टी माझ्याकडून. ‘डाळ’ नको, ‘डाळं’ लिहा. डाळ म्हणजे कच्ची कुठलीही. इंग्रजीत भाजलेली हरभऱ्याची डाळ असं असेल तर मराठीत ‘डाळं’ एका शब्दात तेच सांगतं.

‘कार्बोहायड्रेट’ला मात्र ‘पिष्टमय पदार्थ’ लिहा असं मी म्हणेन. जुन्या माणसांना तोच शब्द माहीत आहे.

लेबलकाम

‘पिष्टमय’ला माझा विरोध आहे. पिष्ट म्हणजे पीठ, स्टार्च. त्या ओळीच्या खाली ‘पैकी एकूण शर्करा’ येते. शर्करा पिष्टमय पदार्थांपैकी कशी असेल? ‘कर्बोदके’ दोघांना पोटात घेतं.

मुद्रितशोधक

शास्त्राने तुमचं बरोबर. पण ‘कर्बोदके’ वाचून किती जणांना काय कळतं हे एसटी स्टँडवर जाऊन विचारा. मी माझं म्हणणं सोडत नाही.

विदर्भकन्या

आमच्याकडे नागपुरात फुटाण्याची डाळ म्हणतात, ‘डाळं’ म्हटलं तर दुकानदार तुरीची समजेल. कराडात विकायचं असेल तर ठीक आहे. पुढे इकडे पाठवणार असाल तर ‘भाजलेली हरभरा डाळ’ बरं पडेल.

पेणचा_खाऊवाला

एक राहिलं. मराठी भागात आकडे मराठीच हवेत ना? ५१०, ३२ असे. इंग्रजी आकडे मराठी मजकुरात बोचतात.

लेबलकाम

निव्वळ वजन, किंमत, तारीख यांच्यासाठी तो प्रश्नच नको, तिथे आंतरराष्ट्रीय वळणाचेच आकडे घ्या. वैधमापन कायदा २००९ मध्ये मोजणीचा पाया तोच धरलाय. पोषणतक्त्यातही मी एकच आकड्यांची रांग ठेवतो. डावीकडे मराठी नाव, त्याखाली इंग्रजी नाव, उजवीकडे आकडा एकदाच. दोनदा आकडे छापले की एका रांगेत दुरुस्ती होते आणि दुसरी तशीच राहते. शिवाय बारीक छपाईत मराठी १ आणि इंग्रजी 9 यांची गल्लत होते, ती मी डोळ्यांनी पाहिलीय. जागाही निम्मी वाचते. ती मराठी अक्षरं मोठी करायला वापरा.

कोयनाकाठ

सगळ्यांचं ऐकून नवा मसुदा केलाय. इथे मराठीच देते. छापताना आकडे लेबलकाम म्हणाले तसे एकाच रांगेत येतील. एका वेळचं प्रमाण २५ ग्रॅम धरलंय, आईची छोटी वाटी तेवढीच भरते. म्हणजे पाकिटात आठ वाट्या.

घटक: पोहे, शेंगदाणा तेल, शेंगदाणे (१४%), भाजलेली हरभरा डाळ (डाळं), सुके खोबरे, साखर, मीठ, मसाले, हिंग.
शेंगदाणे व गहू आहे.

पोषणविषयक माहिती, प्रति १०० ग्रॅम. कंसात २५ ग्रॅमच्या एका वाटीतून दिवसाच्या गरजेपैकी किती टक्के:
ऊर्जा ५१० कि.कॅ. (६.४%)
प्रथिने ८.५ ग्रॅ.
कर्बोदके ४७ ग्रॅ.
पैकी एकूण शर्करा ६.८ ग्रॅ.
त्यात घातलेली साखर ५ ग्रॅ. (२.५%)
एकूण मेद ३२ ग्रॅ. (११.९%)
पैकी संपृक्त मेद ७.५ ग्रॅ. (८.५%)
ट्रान्स मेद ० ग्रॅ. (०%)
कोलेस्टेरॉल ० मिग्रॅ
सोडियम ६०० मिग्रॅ (७.५%)

टक्के मीच काढले. २५ ग्रॅममध्ये मेद ८ ग्रॅम, भागिले ६७. सोडियम १५० मिग्रॅ, भागिले २०००. बरोबर ना?

लेबलकाम

बरोबर आहेत सगळे. एकच सुचवतो. ‘मसाले’च्या जागी हळद, जिरे, मोहरी, मिरची अशी नावं लिहिलीत तरी चालेल, आणि मोहरी उलगडून लिहिलेली बरी. आपल्या यादीत ती नाही, पण मोहरीची ॲलर्जी असलेली माणसं असतात. जागा असेल तर करा.

अक्षरजुळणी

‘घातलेली साखर’ची ओळ आत सरकवून ठेवा, नाहीतर ६.८ आणि ५ ची लोक बेरीज करतात. आणि सिलिंडर कोरायच्या आधी छपाईवाल्यांकडून अक्षरांच्या रेषा करून घेतलेली फाईल मागवा, आणि तीच वाचा. मोबाईलवर आलेल्या चित्रावर होकार देऊ नका.

कोयनाकाठ

फाईल मागवलीय. आली ती वाचली. ‘ऊर्जा’चा रफार ज वर आहे, ‘प्रथिने’ही नीट आहे, पण ‘संपृक्त’ फुटलाय, ‘संपृक् त’ असं दिसतंय. दुरुस्तीला परत पाठवली. सोमवारचा होकार गुरुवारवर ढकलला.

सावली_नाशिक

तांदळाच्या पिठाचा हिंग मिळाला का?

कोयनाकाठ

साताऱ्यात एकाकडे आहे म्हणतात, उद्या आई जाऊन डबी वाचून येणार आहे. मिळालाच तर ‘गहू आहे’ची ओळ बदलून ‘गव्हाचा अंश असू शकतो’ करायची, की आधी परात वेगळी करायची, यावर गटात अजून एकमत नाही. माझं मत परातीच्या बाजूने आहे.